पाळीच्या नोंदी: डॉक्टरला नेमकं काय हवं असतं

स्त्रीरोग ओपीडीत कानावर पडणाऱ्या तक्रारी चार-पाच वाक्यांत मावतात. "पाळी वेळेवर येत नाही", "महिन्यातून दोनदा येते", "अंगावरून फार जातं", "पोटात असह्य दुखतं". या कामात जितकी वर्षं गेली तितकं माझं एक मत पक्कं होत गेलं, की यातल्या एकाही वाक्यावरून निदान होत नाही. त्यावरून पुढे काय विचारायचं ते फक्त कळतं. आणि पुढचे प्रश्न असे असतात की त्यांची उत्तरं आठवणीतून देणं कुणालाच जमत नाही, मग ती शाळेतली शिक्षिका असो, बँकेतली अधिकारी असो की शेतात राबणारी बाई असो. गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा विचारल्या तर शेवटची बहुधा सांगता येते, त्याआधीची "गणपतीत कधीतरी" असते आणि तिच्याही आधीची "तशीच, महिनाभर आधी". गणपती दहा दिवसांचे असतात, आणि पाळीच्या हिशेबात दहा दिवस म्हणजे निरोगी आणि अनियमित यांच्यामधलं सगळं अंतर. म्हणून नोंदवही हवी असं सगळेच सांगतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. बहुतेक जणी नोंदी ठेवायला लागल्या की जे आम्हाला कमी उपयोगी ते भरभरून लिहितात आणि जे सगळ्यात उपयोगी ते राहून जातं. त्रास किती झाला याचं वर्णन पानभर असतं; तो रक्तस्रावाच्या कितव्या दिवशी सुरू झाला आणि कितव्या दिवशी थांबला, हे नसतं. पहिल्या भेटीत निदानाची वाट उघडते ती या दुसऱ्या गोष्टीने.

आधी तारखांचंच घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. पाळीचं चक्र मोजायचं ते एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. घरोघरी मात्र ते दोन वेगळ्या रीतींनी मोजलं जातं. एक रीत म्हणजे रक्तस्राव थांबल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंतचे दिवस धरायचे. सात दिवस पाळी आणि मग एकवीस दिवस कोरडे असणारी बाई "वीस-एकवीस दिवसांतच परत येते" म्हणून घाबरून येते. तिचं चक्र अठ्ठावीस दिवसांचं, अगदी सरळ असतं. दुसरी रीत भिंतीवरच्या कालनिर्णयाची: गेल्या महिन्यात बारा तारखेला आली, या महिन्यात दहालाच आली, म्हणजे "दोन दिवस आधी". अठ्ठावीस दिवसांचं चक्र बहुतेक महिन्यांत दोन-तीन दिवस मागे सरकणारच, कारण महिना तीस-एकतीस दिवसांचा आहे. आणि सत्तावीस दिवसांचं चक्र असेल तर दोन तारखेला आलेली पाळी त्याच महिन्याच्या एकोणतीसला पुन्हा येते. "महिन्यातून दोनदा" ही तक्रार अशा वेळी शब्दशः खरी असते आणि आजार मात्र काहीच नसतो. हे सगळं एका पानावर लिहिलेल्या तारखांवरून अर्ध्या मिनिटात सुटतं. तारखा नसतील तर याच बाईच्या रक्ताच्या चार तपासण्या होतात.

पहिला दिवस कोणता, हेही ठरवून घ्यायला हवं. पॅड किंवा कापड घ्यावंच लागेल असा लाल स्राव ज्या दिवशी सुरू झाला तो पहिला दिवस. त्याच्या आधी एक-दोन दिवस तपकिरी डाग पडत असतील तर तेही लिहायचे, पण वेगळ्या खुणेने. ही खूण वेगळी ठेवण्यात फार अर्थ आहे. जागतिक पातळीवर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या संघटनेने २०१८ साली सुधारून दिलेली जी मोजमापं आम्ही वापरतो त्यांनुसार चक्र २४ ते ३८ दिवसांचं आणि रक्तस्राव जास्तीत जास्त आठ दिवस हे ठीक मानलं जातं. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्रात वयानुसार सात ते नऊ दिवसांपर्यंतचा फरकही चालतो. यातला शेवटचा आकडा रुग्णाला कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात बोलका आहे. "सरासरी तीस दिवसांनी येते" या वाक्यात २९, ३०, ३१ असंही असू शकतं आणि १९, ४७, २४ असंही. पहिलीच्या अंडाशयातून बहुधा दर महिन्याला बीज सुटतं आहे. दुसरीच्या बाबतीत ते बहुधा सुटत नाही. सरासरी दोघींची एकच. त्यामुळे डॉक्टरसमोर सरासरी मांडू नका. तारखा मांडा, वजाबाकी आम्ही करतो.

हे कसं चालतं ते एका नमुन्यावरून पाहू. समजा एकेचाळीस वर्षांची बाई आहे, दोन मुलं झालेली, आणि तिची तक्रार "महिन्यातून दोनदा पाळी आणि फार जातं" अशी आहे. तिच्या वहीत पाळी सुरू झाल्याच्या तारखा ४ जानेवारी, १ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारी आणि २९ मार्च अशा आहेत. मधली अंतरं झाली २८, २७ आणि २९ दिवस. शिवाय वेगळ्या खुणेने डाग लिहिलेत: २० ते २२ जानेवारी, १३ फेब्रुवारी, मग १७ आणि १८ फेब्रुवारी. एवढ्यावरून काय दिसतं? चक्र घड्याळासारखं नियमित आहे, म्हणजे बीज सुटण्याची यंत्रणा बहुधा शाबूत आहे, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस ही मंडळी यादीत खाली जातात. मधले डाग मात्र चक्राच्या हिशेबात बसत नाहीत. नियमित पाळी, पाळीत जास्त स्राव आणि मधेच डाग असं एकत्र आलं की गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरावर वाढलेला पॉलिप किंवा पोकळीकडे झुकलेली फायब्रॉइडची गाठ यांचा विचार पुढे येतो. ते डाग शरीरसंबंधानंतर पडलेत असं तिने लिहिलं असेल तर गर्भाशयाचं मुख आधी तपासायला हवं. वय चाळिशीपुढचं असल्याने अस्तराचा तुकडा तपासायला पाठवायचा का, हाही प्रश्न पहिल्याच भेटीत घ्यावा लागतो. सोनोग्राफी कधी करायची तेही याच तारखा सांगतात: पाळी थांबल्यावर लगेच, अस्तर पातळ असताना. पाळीच्या तोंडावर अस्तर जाड झालेलं असतं आणि लहान पॉलिप त्यात लपून जातो. आता याच तक्रारीच्या, याच वयाच्या दुसऱ्या बाईची अंतरं १९, ४७ आणि ३३ दिवस असती, तर आम्ही वेगळ्या रस्त्याने निघालो असतो: गरोदर नाही ना हे आधी पाहायचं, मग थायरॉइड, वजनातले बदल, हनुवटीवरचे केस, स्तनातून दुधासारखा स्राव येतो का ते. दोघींनी दारातून आत येताना म्हटलेलं वाक्य एकच होतं.

"फार जातं" म्हणजे किती, हा सगळ्यात अवघड भाग. पुस्तकात एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर जास्त असं दिलेलं असायचं, पण घरात ते मोजणार कोण? १९९० साली हायम आणि सहकाऱ्यांनी एक चित्रांचा तक्ता तयार केला. थोडा भिजलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०, गाठींना वेगळे गुण, आणि पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर स्राव जास्त. तक्ता कल्पक आहे, पण मी तो पहिल्या भेटीआधी भरायला सांगत नाही. हल्लीचे जेलवाले पॅड त्या काळच्या पॅडपेक्षा जास्त शोषतात. कुणी प्रत्येक वेळी स्वच्छतागृहात गेल्यावर पॅड बदलते. कुणाला कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृहच नसल्याने एकच पॅड आठ तास ठेवावा लागतो. कुणी सुती कापड वापरते. नुसत्या पॅडच्या संख्येवरून या तिघींची तुलना होत नाही. त्यापेक्षा पाळीतल्या सगळ्यात जड दिवशी लागोपाठच्या बदलांच्या वेळा लिहाव्यात. "दुसरा दिवस: सकाळी ७, ९, १०.३०, दुपारी १, चारही पूर्ण भिजले" ही एक ओळ मला दहा पॅड लागले या वाक्यापेक्षा जास्त सांगते. दर तासा-दोन तासाला पूर्ण भिजत असेल, रात्री बदलायला उठावं लागत असेल, चादरीला डाग लागत असतील, दोन पॅड एकावर एक घ्यावे लागत असतील, साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडत असतील, तर ते जास्तच आहे, मिलिलिटर कितीही असो. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे; कपावर खुणा असतात, रिकामा करताना आकडा वाचून लिहायचा.

यासोबत एक रकाना असा असावा की ज्यात त्या दिवशी काय करायचं राहिलं ते येईल. कामावर खाडा, लोकलने जायचं टाळलं, मुलीच्या शाळेतली सभा चुकवली, एवढ्या दोन शब्दांत. हे भावनेसाठी म्हणत नाही. जास्त रक्तस्रावाची आजची व्याख्याच अशी आहे की बाईच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक जगण्याच्या आड येईल इतका स्राव म्हणजे जास्त. तेव्हा हा रकाना म्हणजे वैद्यकीय माहितीच आहे, आणि उपचाराने फरक पडला का हे सहा महिन्यांनी पाहतानाही तोच उपयोगी पडतो. हिमोग्लोबिनचा जुना रिपोर्ट घरात असेल तर त्याची तारीख आणि आकडाही इथेच लिहावा. १२ च्या खालचा आकडा आणि जड पाळी यांचं नातं अनेक घरांत कुणी जोडलेलंच नसतं. वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू असतात आणि गळती तशीच राहते.

दुखण्याच्या बाबतीत दहापैकी किती दुखतं हा आकडा लिहायची सवय बऱ्याच जणींना लागली आहे. लिहावा, हरकत नाही. पण माझी नजर आधी वेळेकडे जाते. कुठलाही दोष नसताना होणारं पाळीचं दुखणं साधारणपणे स्राव सुरू होतो त्याच्या थोडं आधी किंवा सोबत सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. जे दुखणं पाळीच्या चार-पाच दिवस आधीपासून ओटीपोटात भरून येतं, पाळी संपल्यावरही रेंगाळतं, पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना किंवा संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं, आणि वर्षागणिक वाढत जातं, ते एंडोमेट्रिओसिस किंवा अॅडेनोमायोसिसकडे बोट दाखवतं. एंडोमेट्रिओसिस साध्या सोनोग्राफीत अनेकदा दिसतच नाही. तिथे रिपोर्ट "नॉर्मल" आला की बाईला वाटतं दुखणं आपल्या मनाचं आहे. वेळेची नोंद असेल तर त्या रिपोर्टवर न थांबण्याचं कारण डॉक्टरच्या हातात असतं. गोळी किती वाजता घेतली, किती वेळाने उतार पडला आणि पुन्हा किती तासांनी घ्यावी लागली, हेही लिहावं. चांगले दिवसही लिहायचे असतात, हे मुद्दाम सांगावं लागतं. पाळीआधीची तीव्र चिडचिड, रडू येणं, झोप उडणं यांचं निदान करायचं तर किमान दोन चक्रांच्या रोजच्या नोंदी लागतात, आणि त्यांत पाळी संपल्यानंतरचा आठवडा स्वच्छ दिसावा लागतो. तो आठवडाही तितकाच काळवंडलेला असेल तर प्रश्न फक्त पाळीचा नसतो, आणि मदत वेगळी लागते.

आता ज्या नोंदीवाचून उत्तम वहीसुद्धा चुकीचं सांगते ती: गोळ्या आणि इंजेक्शनं. आपल्याकडे सणासुदीला, घरच्या पूजेला, लग्नाला, तीर्थयात्रेला पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, कित्येकदा औषधाच्या दुकानातून परस्पर. बहुधा ते नोरएथिस्टेरॉन असतं, दिवसातून तीनदा घ्यायचं. गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत जो स्राव येतो तो गोळी थांबल्याचा स्राव असतो. वहीत तो "पाळी उशिरा" म्हणून दिसतो, आणि पुढचं चक्र तिथून सुरू झाल्याने वर्षभराचं गणित बिघडल्यासारखं वाटतं. श्रावणापासून दिवाळीपर्यंत दोनदा अशा गोळ्या घेतलेल्या बाईच्या तारखा पाहून कुणीही तिला अनियमित म्हणेल. संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनेही पुढची पाळी आठवडाभर इकडेतिकडे होऊ शकते आणि मधे डाग पडू शकतात. सरकारी दवाखान्यात मिळणारं अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांचं असतं. त्यावर असताना अनियमित डाग पडणं किंवा पाळी बंद होणं अपेक्षितच असतं. तांबी बसवल्यावर स्राव वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही वाढतो. म्हणून गोळीचं नाव आठवत नसेल तर पाकिटाचा फोटो काढून ठेवा. लाजेने यातलं काही लपवलं जातं, विशेषतः तातडीची गोळी आणि गर्भपाताची गोळी, आणि सासूबाई किंवा आई शेजारी बसलेली असते म्हणून प्रश्नाला "नाही" असं उत्तर येतं. वहीत एक खूण करून ती डॉक्टरला दाखवणं तोंडाने बोलण्यापेक्षा सोपं जातं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या असताना वहीची काय गरज? तपासणी एका दिवसाचं चित्र देते आणि पाळी ही महिनोन्‌महिने चालणारी घटना आहे. रिपोर्टवर अंडाशय "पॉलिसिस्टिक" दिसणं म्हणजे पीसीओएस नव्हे; नियमित पाळी असणाऱ्या अनेक तरुण मुलींची अंडाशयं तशी दिसतात. बीज सुटलं का हे पाहण्यासाठी प्रोजेस्टेरॉनची तपासणी "एकविसाव्या दिवशी" करा असं सरसकट सांगितलं जातं, पण ती पुढच्या पाळीच्या सुमारे सात दिवस आधी करायची असते. एकविसावा दिवस अठ्ठावीस दिवसांच्या चक्रालाच लागू पडतो. पस्तीस दिवसांचं चक्र असेल तर तो अठ्ठाविसावा होतो. तारखा न पाहता केलेली तपासणी खोटा दिलासा किंवा खोटी भीती देते. नोंदीशिवाय निर्णय कुठवर जाऊ शकतो याचं उदाहरण महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली, तेव्हा पाहणीतल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढली गेल्याचं समोर आलं. त्यामागे गरिबी, मजुरीचा खाडा आणि नफेखोरी अशी मोठी कारणं आहेत, वहीने ती मिटणार नाहीत. पण "पांढरं जातं, कंबर दुखते, जास्त जातं" एवढ्यावर पिशवी काढायचा सल्ला मिळतो तेव्हा तीन महिन्यांच्या तारखा हातात असलेली बाई निदान दुसऱ्या डॉक्टरला काहीतरी दाखवू शकते.

मोबाइलवरचं अॅप चालेल का, असंही विचारतात. चालेल, एका अटीवर: अॅपने वर्तवलेली तारीख आणि खरोखर आलेली तारीख वेगळी ओळखता आली पाहिजे. अॅप जो "बीज सुटण्याचा दिवस" रंगवून दाखवतं तो मागच्या तारखांवरून काढलेला अंदाज असतो, आणि जिची पाळी अनियमित आहे तिच्याच बाबतीत तो सगळ्यात जास्त चुकतो. रोज लिहिल्याने मन त्यातच अडकतं हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. काही जणींच्या बाबतीत तसं होतं, आणि म्हणूनच मी रोजचे वीस रकाने भरायला सांगत नाही. स्राव, डाग, दुखणं आणि गोळी या चारच खुणा कालनिर्णयावर किंवा छोट्या डायरीत करायला काही सेकंद पुरतात. एकत्र कुटुंबात भिंतीवर लिहायचं नसेल तर अक्षरांऐवजी टिंबं आणि रेघा चालतात. डॉक्टरला वाचायला वेळ नसतो, हेही खरंच आहे. त्यासाठी भेटीला जाताना सगळं एका पानावर उतरवून न्यावं: तारखा, सगळ्यात जड दिवसाची ओळ, डागांच्या तारखा, औषधं, आणि पानाच्या वर एका वाक्यात, मला कशाची काळजी वाटते ते.

वही भरून होईपर्यंत दवाखान्यात जायचं नाही असं मात्र कुणी समजू नये. एक वर्ष पाळी बंद राहून पुन्हा डाग दिसला तर तो एकच डाग पुरेसा आहे, त्याच आठवड्यात दाखवावं. संबंधानंतर रक्त दिसत असेल, तासाला एक पॅड सलग दोन तास भिजत असेल, चक्कर येत असेल, तर नोंदीची वाट पाहायची नाही. पाळी चुकली आहे, थोडेसे वेगळेच डाग पडताहेत आणि एका बाजूला दुखतंय, अशा वेळी आधी लघवीची गर्भचाचणी आणि लगेच डॉक्टर, कारण नळीतला गर्भ असाच सुरू होतो आणि अनेकदा त्या डागांनाच "पाळी आली" समजून वहीत लिहिलं जातं. म्हणून नेहमीपेक्षा वेगळी, फारच थोडी किंवा वेगळ्या रंगाची पाळी आली तर तारखेशेजारी "वेगळी" असा शब्द लिहावा. शेवटची पाळी विचारताना आम्ही तिच्या आधीची तारीखही त्यासाठीच विचारतो. आणि अंगावरून जात असतानाच भेटीचा दिवस आला तर भेट रद्द करू नये. अनियमित किंवा जास्त रक्तस्रावाच्या तक्रारीत त्या दिवशी तपासताही येतं, रक्त नेमकं कुठून येतंय ते दिसू शकतं, आणि हिमोग्लोबिनही त्याच दिवशी पाहता येतं.